किलोमीटरमागे किती सुटतात? सॉल्व्हरमधून उत्तर काढताना आलेला अनुभव

‘बंधने पूर्वीप्रमाणेच.’ कोर्सच्या नोट्समधल्या या दोन शब्दांवर माझा अजून राग आहे. पुढे ज्याला एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये किलोमीटरमागचा नफा वाढवण्याचं हेच गणित सोडवायचं असेल त्याचा वेळ तरी वाचावा, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी नाशिकच्या एका छोट्या ट्रान्सपोर्टचे हिशेब बघते. आमचे शेठ महिन्याच्या एकूण नफ्यावर कधीच समाधानी नसतात. त्यांचा प्रश्न ठरलेला: “गाडी किती पळाली ते राहू दे, किलोमीटरला किती सुटले ते सांग.” त्यांचं म्हणणं मला पटतं. टायर झिजतात ते किलोमीटरनेच.

एका गाडीचे आकडे घेते, सोयीसाठी गोल केलेले. वाशी मार्केटची फेरी येऊन-जाऊन 340 किलोमीटर, एक दिवस. डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता वजा जाता 6,500 रुपये राहतात. इंदूरची फेरी 800 किलोमीटर, दोन दिवस, राहतात 13,600. महिन्यात गाडी 24 दिवस चालते. वाशीला जास्तीत जास्त 16 फेऱ्यांचा माल मिळतो, इंदूरला 9 फेऱ्यांचा. हप्ता, विमा, पगार मिळून 90,000 रुपये गाडी उभी राहिली तरी जातात. शिवाय गॅरेज, पंप, माल भरायला जाणं असं 500 किलोमीटर रिकामं पळणं होतंच.

नुसता एकूण नफा वाढवायचा तर सॉल्व्हर इंदूरच्या 9 आणि वाशीच्या 6 फेऱ्या सांगतो. 71,400 रुपये, 9,740 किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला 7.33. पण शेठना हवं ते गुणोत्तरच जास्तीत जास्त करायला गेलं, की सिम्प्लेक्स पद्धतीत सॉल्व्हर हात वर करतो: `The linearity conditions required by this LP Solver are not satisfied.` बरोबरच आहे. फेऱ्यांची संख्या अंशातही आहे आणि छेदातही, त्यामुळे हे गणित सरळ रेषेचं राहत नाही.

यावरचा उपाय 1962 सालचा, चार्न्स आणि कूपर यांचा. एक भागिले एकूण किलोमीटर, या संख्येला t म्हणायचं. प्रत्येक चलाला t ने गुणून नवा चल घ्यायचा: वाशीच्या फेऱ्या गुणिले t म्हणजे u, इंदूरच्या फेऱ्या गुणिले t म्हणजे v. मग छेद 1 होतो, तेच एक नवं बंधन म्हणून लिहायचं, आणि उरलेला अंश साध्या लिनियर प्रोग्रॅमसारखा वाढवायचा. इथवर नोट्स चांगल्या होत्या. त्यापुढे ते दोन शब्द.

नोट्सवर विश्वास ठेवून दिवसांचं बंधन u + 2v ≤ 24 असं ठेवलं, मालाची बंधनं u ≤ 16 आणि v ≤ 9. सॉल्व्हरने क्षणात उत्तर दिलं, वर ‘सर्व बंधनं पाळली’ असंही सांगितलं. किलोमीटरला 19.12 रुपये! फेऱ्या काढायला u ला t ने भागलं, तर सेलमध्ये `#DIV/0!`. t शून्य आला होता.

मी सूत्रं तपासली, सेल तपासले, सॉल्व्हरच्या सेटिंग बदलून पाहिल्या. फॉर्म्युल्यांत काही चुकलं नव्हतं. शेवटी त्या 19.12 कडेच नीट पाहिलं. 6,500 भागिले 340 म्हणजे 19.12. ही तर वाशीच्या एका फेरीची किलोमीटरमागची कमाई, हप्ता न धरता! 90,000 रुपये गेले कुठे? मी आकडे हजारांत मांडले होते, त्यामुळे नव्या उद्दिष्टात स्थिर खर्च −90t असा येतो. t शून्य केला की हप्ताही शून्य आणि रिकामे किलोमीटरही शून्य. सॉल्व्हरला असं करण्यापासून अडवणारं काहीच शिल्लक नव्हतं. u आणि v म्हणजे फेऱ्या नव्हेत, फेऱ्यांना एकूण किलोमीटरने भागून आलेल्या छोट्या संख्या. u होता 2.94. अशा संख्येला 24 ची मर्यादा घालून काय उपयोग? ती कधी आड येणारच नाही.

वाशीच्या फेऱ्या x आणि इंदूरच्या z धरल्या, तर दिवसांचं मूळ बंधन x + 2z ≤ 24 आहे ना? मग दोन्ही बाजूंना t ने गुणा. डावीकडे u + 2v होतं आणि उजवीकडे 24t. जिथे जिथे सुटा आकडा आहे, तिथे तिथे त्याला t चिकटतो: दिवसांना, मालाच्या मर्यादेला, हप्त्याला, रिकाम्या किलोमीटरला. नोट्समधल्या उदाहरणात उजवीकडे सगळीकडे शून्यच होती. शून्याला t ने गुणलं तरी शून्यच, म्हणून तिथे ‘पूर्वीप्रमाणेच’ खपून गेलं. शिकवणाऱ्याने एक तरी आकडेवालं बंधन घ्यायला हवं होतं.

बरोबर मांडणी ही (रुपये आणि किलोमीटर दोन्ही हजारांत):

```
max  6.5u + 13.6v - 90t
     0.34u + 0.8v + 0.5t = 1
     u + 2v - 24t <= 0
     u - 16t <= 0
     v - 9t <= 0
     u, v, t >= 0
```

उत्तर: t = 0.1094, u = 1.7505, v = 0.4376. भागून पाहिलं तर वाशी 16, इंदूर 4. नफा 68,400, किलोमीटर 9,140, म्हणजे किलोमीटरला 7.48. त्या `#DIV/0!` नंतर पूर्ण फेऱ्या पाहून किती हायसं वाटलं म्हणून सांगू! आधीच्या योजनेपेक्षा 3,000 रुपये कमी, पण गाडी 600 किलोमीटर कमी पळाली. म्हणजे ते जादाचे किलोमीटर फक्त पाच रुपयांनी पळत होते.

हजारांत मांडण्याचं कारण सांगायचं राहिलं. किलोमीटर तसेच ठेवले तर t 0.0001 च्या आसपास येतो. दोन दशांशांच्या सेलमध्ये तो 0.00 दिसतो आणि खरोखर शून्य झालाय की काय, अशी शंका येते. सॉल्व्हरची अचूकताही मर्यादित असते, एवढ्या बारीक आकड्यांशी ती न भिडवलेली बरी.

पडताळणीसाठी सेन्सिटिव्हिटी रिपोर्टमध्ये छेदाच्या बंधनाची शॅडो प्राइस बघा. ती गुणोत्तराएवढीच, म्हणजे 7.48 यायला हवी, कारण बाकी सगळ्या उजव्या बाजू आता शून्य आहेत.

शेठना सगळ्यात नवल वाटलं ते हप्त्याचं. एकूण नफ्याच्या गणितात हप्ता कितीही असो, फेऱ्या बदलत नाहीत. इथे बदलतात. स्थिर खर्च 90,000 ऐवजी 1,20,000 धरला की वाशी 16, इंदूर 4 या योजनेत किलोमीटरला 4.20 सुटतात, तर वाशी 6, इंदूर 9 मध्ये 4.25. कारण तेच पाच रुपये. गुणोत्तर पाचाच्या खाली गेलं की पाच रुपयांनी पळणारे जादाचे किलोमीटरही सरासरी वर खेचतात.

या आकड्यांत फेऱ्या पूर्णांकात आल्या, दर वेळी येतील असं नाही. तेव्हा u वर `int` लावू नका, पूर्णांक असायला हवा तो u भागिले t. त्यासाठी डिंकेलबाखची 1967 ची पद्धत वापरा: एक दर धरा, नफा वजा दर गुणिले किलोमीटर हे पूर्णांक फेऱ्यांसह जास्तीत जास्त करा, आलेल्या योजनेचं गुणोत्तर हा नवा दर. शून्यापासून सुरुवात केली तर आमच्या गाडीचा दर आधी 7.33 येतो, मग 7.48, आणि त्यापुढे हलत नाही.