मावशीच्या बचत गटाचा हिशेब, 4 जीबीचा फोन आणि क्वांटायझेशनमध्ये हरवणारे अडीचशे

माझी मावशी वेल्हे भागातल्या एका गावात बचत गटाची सचिव आहे. मीटिंगमध्ये ती वहीत लिहिते तसंच फोनमध्ये टाइप करते, म्हणजे "सुनंदानं हप्ता अडीचशे भरला, व्याज सव्वाशे, मंगलचे साडेतीन हजार बाकी" असं, आणि मला हवं होतं की फोननेच त्यातून नाव, प्रकार, रक्कम असे रकाने काढून द्यावेत. तिथे रेंज कधी असते कधी नसते, म्हणून सगळं ऑफलाइन. फोन साधा, 4 जीबी रॅम, हेलिओ जी85 चिप.

त्यासाठी एआयचं भाषा मॉडेल घेतलं, गुगलचं जेमा 2, सगळ्यात छोटं, साधारण 260 कोटी पॅरामीटरचं. निवडण्यामागचं मुख्य कारण म्हणजे त्याचा टोकनचा, म्हणजे मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं-लिहितं त्या तुकड्यांचा, साठा 2 लाख 56 हजारांचा आहे, त्यामुळे देवनागरी शब्दाचे फार तुकडे होत नाहीत. ज्या मॉडेलांचा साठा देवनागरीला कंजूष असतो तिथे एकेका अक्षराची दोन-तीन टोकनं होतात आणि स्वस्त फोनवर तेवढाच वेळ वाढतो. चालवायला टर्मक्स, म्हणजे अँड्रॉइडवर कमांड देता येणारं अ‍ॅप, आणि त्यात मॉडेल चालवणारा llama.cpp हा प्रोग्रॅम.

पॅरामीटर म्हणजे मॉडेलची वजनं, शिकताना ठरलेले आकडे, आणि प्रत्येक वजन कमी बिटमध्ये लिहून फाइल छोटी करणं म्हणजे क्वांटायझेशन. फाइलच्या नावात Q नंतरचा आकडा साधारण किती बिट ते सांगतो. मूळ 16 बिटची फाइल 5.2 जीबी, म्हणजे विषयच संपला. 8 बिटची Q8_0 साधारण 2.8 जीबी. ती 4 जीबीच्या फोनवर उघडते, पण अँड्रॉइडच निम्मी रॅम घेऊन बसलेला असतो, त्यामुळे प्रत्येक टोकनला फाइलचे तुकडे स्टोरेजमधून पुन्हा पुन्हा वाचले जातात आणि एक शब्द यायला कित्येक सेकंद लागतात, नाहीतर अँड्रॉइडच प्रोग्रॅम मारून टाकतो, signal 9 येऊन सगळं बंद. Q4_K_M ची 1.7 जीबी मात्र बसते, तीही ही कमांड दिल्यावर:

```
llama-cli -m gemma-2-2b-it-Q4_K_M.gguf -t 2 -c 2048 -ub 64 --temp 0 -st -f nond.txt
```

यातलं -t 2 अशासाठी की या चिपमध्ये दोनच मोठे कोर आहेत, बाकीचे सहा छोटे. आठही लावले तर मोठे दोघं छोट्यांची वाट बघत बसतात. -c 2048 ने संदर्भाची मेमरी 200 एमबीच्या आसपास राहते. आणि -ub 64 हे फार कुणी सांगत नाही पण जेमासाठी फार कामाचं आहे, कारण टोकनचा साठा एवढा मोठा असल्यामुळे नेहमीच्या 512 च्या बॅचला नुसत्या उत्तराच्या बफरलाच 500 एमबी लागतात, 64 केलं की ते 60-65 वर येतात. फोन चालेल की मरेल हे या एका आकड्यावर ठरलं.

आता खरा मुद्दा, अचूकता. क्वांटायझेशनमध्ये नक्की काय जातं ते एका उदाहरणात बघा. साध्या Q4_0 पद्धतीत 32 वजनांचा एक गट करतात आणि त्या गटाला एकच मोजपट्टी मिळते, जिच्यावर 16 खुणा असतात. समजा गटातलं सगळ्यात मोठं वजन 0.8 आहे, तर खुणांमधलं अंतर होतं 0.1. मग 0.03 असलेलं वजन सरळ शून्य होतं आणि 0.06 चं 0.1 होतं. 8 बिटला तेच अंतर 0.0063, तिथे 0.03 चं 0.0315 होतं, काही बिघडत नाही. म्हणजे एक दांडगं वजन शेजारच्या बारीक वजनांना गिळून टाकतं. Q4_K_M मध्ये हे बरंच सावरलेलं असतं, छोट्या गटांना वेगवेगळी पट्टी आणि वेगळा तळ मिळतो आणि काही नाजूक थर 6 बिटला ठेवतात, पण बारीक माहिती जाते ती जातेच.

आणि ती सगळीकडून सारखी जात नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फाइलबरोबर जो पर्प्लेक्सिटीचा, म्हणजे पुढचं टोकन ओळखताना मॉडेल किती गोंधळतं त्याचा, आकडा सांगतात तो बहुतेक वेळा इंग्रजी विकिपीडियाच्या मजकुरावरचा असतो. तो 4 बिटला किंचितच हलतो आणि आपल्याला वाटतं काही गेलं नाही. मी मावशीच्या जुन्या नोंदींतली वाक्यं घेतली, लॅपटॉपवर Q8_0 ची उत्तरं काढली आणि तीच वाक्यं कमी बिटच्या फाइलींना दिली, temp 0 ठेवून, म्हणजे दरवेळी तेच उत्तर येतं आणि फरक आला तर तो क्वांटायझेशनचाच. "200 भरले" असं आकड्यात लिहिलेलं सगळ्यांनी नीट उचललं. "अडीचशे" Q8_0 ला बरोबर 250 यायचं, Q4_K_M ला बहुतेकदा बरोबर पण लांब वाक्यात मधेच 2500, आणि Q2_K ला 205, 2500 काहीही. वाक्य मात्र तेव्हाही एकदम स्वच्छ मराठीत, रकाने जागच्या जागी, म्हणून नुसतं वाचून चूक कळतच नाही. सव्वाशे, दीडशे, साडेतीन हजार हे शब्द मॉडेलने शिकताना मुळात कमी पाहिलेले, त्यांचं ज्ञान बारीक वजनांमध्येच कुठेतरी असणार, आणि पहिला फटका त्यालाच बसतो असं मला या तुलनेवरून वाटतं. "पाऊणशे" तर Q8_0 लाही जमलं नाही, म्हणजे तो दोष क्वांटायझेशनचा नाही, मॉडेलचाच. हा भेद करायला Q8_0 ची तुलना हवीच, नाहीतर सगळा दोष चुकीच्या ठिकाणी जातो.

यावर दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे इंपॉर्टन्स मॅट्रिक्स. यात मॉडेलला थोडा मजकूर वाचायला देतात, कुठल्या स्तंभांतून जास्त जोराचे सिग्नल जातात ते नोंदवतात आणि मग त्या स्तंभांत चूक कमीत कमी राहील अशा खुणा निवडतात. तयार मिळणाऱ्या बऱ्याच फाइलींमध्ये हा मजकूर मुख्यतः इंग्रजी असतो, साहजिकच जपलं जातं ते इंग्रजीच. मी बोली मराठी, हिशेबाच्या नोंदी आणि थोडं वर्तमानपत्री मराठी असा मजकूर दिला:

```
llama-imatrix -m gemma-2-2b-it-f16.gguf -f marathi.txt -o mr.gguf
llama-quantize --imatrix mr.gguf gemma-2-2b-it-f16.gguf mr-Q4_K_M.gguf Q4_K_M
```

तपासायची वाक्यं या मजकुरात अजिबात घालायची नाहीत, नाहीतर परीक्षा फुकट. फाइलचा आकार तेवढाच राहिला आणि लांब वाक्यांतले 2500 बरेच कमी झाले, पूर्ण गेले नाहीत. Q2_K ला याने फार काही वाचवलं नाही, चार खुणांमध्ये जपणार तरी काय.

म्हणून दुसरी गोष्ट, रकमेचे शब्द मॉडेलकडे जाऊच दिले नाहीत. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडे आणि शे, हजार यांचा छोटा तक्ता, तो मजकूर आत जायच्या आधीच अडीचशेचं 250 आणि पाऊणशेचं 75 करतो. आणि उत्तर आल्यावर उलट तपासणी, रकान्यातला प्रत्येक आकडा त्या आत गेलेल्या मजकुरात असलाच पाहिजे, नसेल तर ओळ लाल. मावशी लाल ओळी वहीवरून हाताने भरते.

आता रकमा लाल होणं क्वचितच. राहिलंय ते नावांचं, एकाच मीटिंगमध्ये दोन सुनीता असल्या की दुसरीचा हप्ता पहिलीच्या नावावर जातो, आणि हे Q8_0 सुद्धा तसंच करतं, त्यामुळे तिथे बिट वाढवून उपयोग नाही, नोंदीतच सुनीता मोरे, सुनीता पवार असं पूर्ण लिहायला मावशीने सगळ्यांना सांगितलंय.