जुन्या ट्रॅक्टरची डायरी, भाग ७ : रोटर जोडला, शाफ्ट कापला आणि घडघड सापडली

मागच्या वेळी लिफ्टचे सील बदलले तिथं थांबलो होतो. आता लिफ्ट रात्रभर रोटर धरून ठेवते, सकाळी इंचभर पण खाली आलेली नसते. मग म्हटलं चला आता पीटीओ चालवून बघू, खरी गंमत तर तिथंच आहे. गंमत नाही, पंधरा दिवस डोक्याला ताप झाला, पण त्यातून एक गोष्ट नीट कळली की पीटीओ आणि थ्री पॉइंट लिंकेज या दोन वेगळ्या वस्तू म्हणून बघायच्याच नाहीत. एक ताकद देतो, दुसरी अवजार धरते, आणि दोघांच्या मध्ये तो बिचारा जॉइंट शाफ्ट लोंबकळतो.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. मागे जो सहा दात्यांचा, साधारण ३५ मिमी जाडीचा गट्टू बाहेर आलेला दिसतो तो पीटीओ, त्याला मिनिटाला ५४० फेरे द्यायचे असतात. लिंकेज म्हणजे खालचे दोन हात आणि वरची टॉप लिंक. खालचे हात ओढतात आणि उचलतात, टॉप लिंक अवजाराचा कल ठरवते. नांगर मातीत असला की तो पुढे कलंडायला बघतो आणि टॉप लिंक दाबली जाते. हॅरी फर्ग्युसनने हाच दाब वापरून लिफ्टला आपोआप थोडं वर-खाली करायला लावलं, १९३६ च्या फर्ग्युसन-ब्राउनमध्ये आणि मग १९३९ च्या फोर्ड ९एनमध्ये, आणि आपण ज्याला ड्राफ्ट कंट्रोल म्हणतो ते हेच. रोटरला मात्र ते चालत नाही, कारण रोटरचे पाते फिरताना ट्रॅक्टरला उलट पुढे ढकलतात, ओढ अशी नसतेच. म्हणून रोटरला ठरलेल्या उंचीवर धरून ठेवणारा पोझिशन लिव्हरच वापरायचा.

आधी फेरे मोजले. माझं मीटर मेलेलं आहे, त्यामुळे पीटीओच्या टोकाला चकचकीत टेपचा तुकडा चिकटवला आणि बाजूला उभं राहून लेझरवाल्या टॅकोमीटरने बघितलं. ५४० आले तिथं हँड थ्रॉटलच्या पट्टीवर पांढऱ्या पेंटने खूण केली. इंजिन आणि पीटीओचं गिअर प्रमाण ठरलेलं असतं, त्यामुळे ही खूण झाली की मीटर नसलं तरी काम चालतं.

जोडताना आधी डावा हात, मग उजवा (त्याला लेव्हलिंग बॉक्स आहे, तो फिरवून भोकं जुळवता येतात), मग टॉप लिंक, आणि शाफ्ट सगळ्यात शेवटी. पिना माझ्याकडे कॅटेगरी एकच्या, खालच्या २२ मिमी.

शाफ्ट नवीन आणला होता आणि तो लांब निघाला. अण्णा (माझे चुलते) म्हणाले, बसतोय ना, चालव. पण मी लिफ्ट हळूहळू वर-खाली करत, इंजिन बंद करून, पीटीओपासून रोटरच्या गिअरबॉक्सपर्यंतचं अंतर प्रत्येक जागी मोजलं. सगळ्यात कमी आलं ६८ सेंमी, सगळ्यात जास्त ७४. आणि शाफ्ट पूर्ण आत ढकलला तरी ७१! म्हणजे एका जागी तो तीन सेंटीमीटर कोंबला जाणार, मग तो पीटीओच्या बेअरिंगवर नाहीतर गिअरबॉक्सवर दाबणार, आधी ऑइल सील जाणार आणि मग मोठं काहीतरी. तीन जास्तीचे आणि तीन मोकळे ठेवायचे म्हणून सहा सेंमी कापायचे ठरवले. आतली नळी आणि बाहेरची नळी, दोन्ही सारख्याच कापायच्या, वरचं प्लास्टिक कव्हरही तेवढंच. फक्त एकच नळी कापली तर उपयोग शून्य, दुसरी जाऊन टेकतेच. कापल्यावर नळ्या ४४ सेंमीच्या राहिल्या, आणि ७४ वर ताणला तरी एकमेकांत ३५ सेंमी असतात, म्हणजे भरपूर. कमीत कमी एक तृतीयांश तरी आत हवी, नाहीतर उचलताना शाफ्ट निखळतो आणि ट्रॅक्टरकडचं तोंड तसंच गरागरा फिरत आपटत राहतं.

बुर घासले, ग्रीस लावलं, जोडला, चालू केला. आणि घडघड घडघड, सीटमधून पाठीत जाणवेल इतकी. रोटर वर घेतला की अजून जास्त. टॅकोमीटर लावला तर तो ५४०च दाखवतोय! मी आधी शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या सांध्यातल्या क्रॉसवर संशय घेतला, दोन्ही खोलून बघितले, बेअरिंगच्या सुया नव्यासारख्या. मग मिस्त्री आले आणि त्यांनी नुसतं शाफ्टकडे बघून विचारलं, कान कुठं आहेत रे याचे?

माझा शाफ्ट चौकोनी आहे. चौकोनी नळी चारही बाजूंनी आत जाते, आणि कापल्यावर मी ती नव्वद अंशांनी फिरवून घातली होती. दोन्ही नळ्यांना जोडलेल्या, क्रॉस धरणाऱ्या योकचे कान एका रेषेत पाहिजेत. त्याचं कारण असं की क्रॉस वाकलेल्या कोनात फिरताना पलीकडचा वेग एकसारखा देत नाही. माझ्याकडे कोन साधारण १५ अंश आहे, तेवढ्यात एका क्रॉसनंतर ५४० चे कधी ५२२ तर कधी ५५९ होतात, दर फेऱ्याला दोनदा, म्हणजे सेकंदाला १८ वेळा. कान रेषेत असले तर दुसरा क्रॉस तेवढंच उलट करून गिअरबॉक्सला परत सरळ ५४० देतो. कान आडवे असले तर दुसरा ती चूक दुप्पट करतो, ५०४ ते ५७९. सरासरी ५४०च राहते म्हणून मीटर खुशाल बरोबर दाखवत होतं. शाफ्ट काढला, एक घर फिरवून घातला, पाच मिनिटांचं काम. मिस्त्रींनी चहाच घेतला, पैसे नाही.

तरी थोडी कुरकुर राहिलीच, आणि ती लिंकेजची निघाली. दुसरा क्रॉस पहिल्याची चूक पूर्ण पुसतो ते दोन्हीकडचे कोन सारखे असतील तरच, म्हणजे पीटीओ आणि गिअरबॉक्सचं तोंड एकमेकांना समांतर पाहिजे. फोनच्या लेव्हल ॲपने बघितलं तर गिअरबॉक्सचं तोंड सहा अंश वर बघत होतं. रोटरच्या खालच्या पिनांपासून टॉप लिंकच्या पिनेपर्यंत ४६ सेंमी आहे, त्या हिशोबाने टॉप लिंक पाचेक सेंमी आखूड केली. कामाच्या खोलीवर आता सगळं शांत.

पण वर उचलल्यावर परत आवाज येतो, आणि तो जाणार नाही, कारण लिंकेज रोटरला सरळ वर नेत नाही, कलंडवत नेते, कोन सारखे राहत नाहीत. म्हणून लिफ्टच्या लिव्हरला स्टॉप लावून पाते जमिनीपासून फूटभर वर येतील इतकीच उचल ठेवली, आणि बांधावर वळताना पीटीओ बंद. माझा क्लच दुहेरी आहे, अर्धा दाबला की चाकं थांबतात आणि पूर्ण दाबला की पीटीओ पण.

एक सांगायचं राहिलं. ३० एचपी ५४० वर म्हणजे मीटरभर लांब पान्याच्या टोकाला ४० किलो लटकवल्याएवढा पीळ, आणि सेकंदाला नऊ फेरे. अण्णांचं उपरणं बघितलं की मला घाम फुटतो. कव्हर आणि त्याची साखळी लावल्याशिवाय मी आता चावी देत नाही, त्यांना राग आला तरी.

पुढच्या भागात पल्टी नांगर. काळ्या जमिनीत ड्राफ्ट कंट्रोल खरंच काम करतं का ते बघायचंय, वाफसा आला की.