गज उचलल्यावर

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जुन्या गाण्यांची ध्वनिमुद्रणं हातोहात फिरत असतात, आणि त्यांना बहुधा ना नाव असतं ना तारीख. रेडिओवरून कॅसेटवर, कॅसेटवरून फोनवर असा त्यांचा प्रवास. गायक कोण हे दर्दी लोक दोन ताना ऐकून सांगतात. खरा वाद पेटतो तो मागच्या साथीवरून. गजाचं वाद्य आहे एवढं सगळ्यांना कळतं, पण सारंगी की व्हायोलिन? १९४० साली रेडिओने पेटीला बंदी केली, ती सत्तरच्या दशकाच्या तोंडावर सैल झाली. त्या काळातल्या रेडिओच्या गाण्यात गायकामागे बहुतेक वेळा या दोघांपैकीच एक असायचं, तेव्हा प्रश्न वारंवार येणारच.

आपल्याकडे तो जरा जास्त अवघड होतो. धारवाड केंद्रावर हिंदुस्तानी, आणि रेडिओचा काटा थोडा सरकवला की दक्षिणेकडचं कर्नाटक संगीत, असं दोन्ही इथल्या कानांवर पडत आलं. कर्नाटक व्हायोलिनवादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवतो. वाद्य पेलण्याचं काम पायाने केलं की डावा हात तारेवर लांबलचक घसरायला मोकळा. हिंदुस्तानी वादकही बहुतेक असेच बसतात. म्हणून 'मींड आहे ना, मग सारंगीच' हा आवडता निकष पहिल्याच फेरीत बाद करावा.

गजाचा पोत त्यापेक्षा भरवशाचा. सारंगीच्या मुख्य तारा तीन, त्याही तातीच्या, म्हणजे आतड्यापासून केलेल्या आणि जाड. गज जड, तो तळहात वर करून खालून धरलेला. जाड तात लगेच बोलत नाही. स्वर लागण्याआधी निमिषभर केस तारेला पकडतात, ती खरखर ऐकू येते आणि मग स्वर उघडतो. पोटावर लाकडाऐवजी कातडं ताणलेलं असल्यामुळे आवाजात थोडा नाकातला, माणसाच्या गळ्याचा रंग येतो. व्हायोलिनची पोलादी तार बारीक, वरचा तक्ता लाकडाचा. तिथे स्वर सुरुवातीलाच स्वच्छ आणि धारदार उमटतो. शिवाय बोट तार पट्टीवर दाबतं, त्यामुळे जलद तानेत प्रत्येक स्वराची कड वेगळी दिसते. सारंगीला अशी दाबायची पट्टीच वापरायची नसते. नखाच्या मुळाशी, जिथे कातडी आणि नख भेटतात, तिथे तातीला बाजूने टेकवतात आणि पावडर लावून घसरवतात. तान जलद झाली की स्वर एकमेकांत किंचित मिसळतात. हे वादकाचं न्यून समजू नये, वाद्याची घडणच तशी आहे.

तरीही कसलेला व्हायोलिनवादक गायकी अंगाने वाजवायला लागला, गज तारेवर हलका ठेवला आणि ध्वनिमुद्रण खराब असलं, की पोतावरून निकाल लागत नाही. अशा वेळी स्वर चालू असताना ऐकण्यापेक्षा तो थांबल्यावर ऐकावं.

सारंगीच्या मुख्य तारांखाली पस्तीस-सदतीस तरफा असतात. त्यांना गज लागत नाही. त्यातली एक ओळ बाराही स्वरांना धरून लावतात, बाकीच्या रागाच्या स्वरांत. वर जो स्वर वाजला त्या स्वराची तरफ आपोआप थरथरते आणि गज उचलल्यावरही साधारण सेकंदभर बोलत राहते. व्हायोलिनला तरफा नसतात. पण त्याच्या मोकळ्या तारा षड्ज-पंचमात लावल्या असतील तर सा आणि प वाजवल्यावर त्याही गुंजतात. म्हणून सा किंवा प यांच्या शेपटीवरून काहीच सिद्ध होत नाही.

मग कोणता स्वर घ्यावा? भूप घ्या. भूपाचा वादी गंधार, सहज वाटतं त्यावरच परीक्षा करावी. पण तंबोऱ्यातून गंधार आपला आपणच निघतो, खर्जाच्या तारेचा तो पाचवा उपस्वर. रिषभही पंचमाच्या तारेतून डोकावतो. सारंगी गप्प बसली तरी हे दोघे हवेत असतातच. उरतो धैवत. षड्ज-पंचमाच्या तंबोऱ्यात तो ठळकपणे कुठूनही येत नाही, आणि भूपात संवादी असल्यामुळे त्यावर गायक-वादक थांबतातही. आपला खरा साक्षीदार हाच.

गायक 'ग प ध' म्हणून श्वास घेतो, मागचा वादक तीच जागा अर्धा क्षण उशिरा घेतो आणि धैवतावर गज उचलतो, अशी जागा शोधायची. फोनच्या स्पीकरवर नको, कानातला हेडफोन हवा. ते चार-पाच सेकंद पुन्हापुन्हा लावायचे. धैवत क्षणात विझला आणि मागे नुसता तंबोरा उरला, तर व्हायोलिनकडे झुकावं. धैवताचीच एक पातळ रेघ मागे राहिली, तर तरफा आहेत. खात्री हवी असेल तर Audacity मध्ये तो तुकडा स्पेक्ट्रोग्राममध्ये बघावा, विंडो ४०९६ ठेवावी. गायकाचा सा काळी एक, म्हणजे २७७ हर्ट्झच्या आसपास असेल, तर धैवत ४६० ते ४७० च्या मध्ये सापडतो. गज सुटल्यावरही तिथे आडवी रेघ चालू राहते का, एवढंच पाहायचं.

इथे एक गैरसमज नडतो. तरफांची चकाकी म्हणजे वरच्या पट्टीतला चमचमाट, असं समजून लोक तो शोधत बसतात. जुन्या मध्यम लहरींच्या रेडिओवर वरचे सूर कापलेच जायचे, त्यामुळे तो चमचमाट सापडत नाही आणि सारंगी व्हायोलिन ठरते. धैवताचा मूळ सूर मात्र त्या गाळणीतूनही निसटून येतो.

रेघ सापडली तरी घाई नको. सभागृहाचा घुमारा किंवा नंतर कुणी हौसेने चढवलेला रिव्हर्बही स्वर लांबवतो. याची परीक्षा तबल्यावर करावी. तबल्याच्या 'ना'लाही तेवढीच लांब शेपटी असेल तर ती खोलीची; तबला कोरडा आणि धैवत मात्र रेंगाळतोय, तर ती तरफेची. उलट, कुणी खरखर घालवण्याच्या नादात आवाज 'साफ' केला असेल, तर मंद शेपटी गोंगाटाबरोबर धुऊन जाते. अशी फाईल तपासायलाच घेऊ नये, मूळ कॅसेटची मागावी.

रेघ नाही म्हणून सारंगी नाही, असंही म्हणता येत नाही. बेळगावचा पावसाळा आपल्याला ठाऊक आहे. अशा दमट हवेत कातडं सैलावतं, घोडी किंचित खाली बसते, तरफा उतरतात. उतरलेली तरफ वरच्या स्वराला साद देत नाही, आवाज बसका येतो. त्या दिवशी धैवत मुका निघाला तर दुसऱ्या जागा तपासाव्या: रिषभ किंवा गंधार तंबोऱ्यापेक्षा ठळकपणे रेंगाळतात का, आणि गजाच्या सुरुवातीची ती खरखर आहे का.

दिलरुबा हा यातला सगळ्यात लबाड गडी. त्यालाही तरफा आहेत, पोटाला कातडंही आहे, तेव्हा धैवताच्या परीक्षेत तो सारंगीच्या बरोबरीने उत्तीर्ण होतो. त्याची मुख्य तार मात्र धातूची आणि दांडीवर पडदे बांधलेले, म्हणून स्वर लागतो तो पातळ, धातूचा, तातीच्या खरखरीशिवाय. तरफा सापडल्या आणि खरखर नसली, तर वादात तिसऱ्या नावाला जागा द्यावी लागते.