वाचणारा आणि टिक मारणारा

दुपारी जेवून जरा पाठ टेकली की व्हॉट्सॲप वाजलंच पाहिजे असा नियम असावा. "आत्या, फॉर्म भरलाय. सबमिट करायच्या आधी एकदा बघ ना." भाचीचा निरोप, आणि खाली दोन चित्रं. एक भरलेल्या फॉर्मचं आणि दुसरं पासबुकाच्या पहिल्या पानाचं, तेही कुठल्याशा जुन्या फोटोचा स्क्रीनशॉट काढलेलं. कॉलेजची अनामत रक्कम पुढेमागे ज्या खात्यात परत यायची, त्या खात्याची माहिती भरायची होती.

घरात हे काम माझ्याकडेच येतं. मला ते आवडतं, हे मी कुणाला सांगत नाही.

लोक फॉर्म तपासतात म्हणजे काय करतात, तर टाइप केलेला आकडा बघतात, मग कागदाकडे नजर टाकतात आणि "हो, बरोबर" म्हणतात. ही तपासणी नव्हे. आपण काय टाइप केलंय ते डोक्यात ताजं असतं, त्यामुळे डोळा कागदावरही तेच वाचून मोकळा होतो. खाते क्रमांक 20140000037158 असा असेल तर सुरुवातीचे 2014 आणि शेवटचे 37158 बघून समाधान होतं. मधली शून्यं पाच की चार, तिकडे कोण बघतो? एक शून्य गळलं तरी आकडा तितकाच लांब दिसतो. म्हणून मी शेवटाकडून सुरू करते. उजवीकडून चार-चार अंक तोडायचे, 7158, 0003, 1400, आणि उरलेले दोन, 20. आधी कागद, मग फॉर्म. उलटं वाचताना अंकांना ओळखीचा चेहरा राहत नाही, त्यामुळे डोळ्याला झोप लागत नाही.

काही फॉर्मांत खाते क्रमांक दोनदा लिहायला लावतात, आणि दुसऱ्या वेळी पेस्टही करू देत नाहीत. त्यात बोट घसरल्याची चूक पकडली जाते. पण अंधूक स्क्रीनशॉटमधला 8 आपल्याला 3 दिसला असेल, तर आपण दोन्ही वेळा इमानदारीत 3 च लिहिणार आणि फॉर्म हिरवी खूण देणार. तिथे चित्र मोठं करण्याला पर्याय नाही. बोटांनी ताणल्यावर नुसतेच चौकोन दिसायला लागले, तर मूळ कागद समोर घेऊन बसायचं.

आबा पतसंस्थेत होते. मार्चअखेरीला ते वह्या घरी आणायचे, ते नियमात बसत होतं की नाही देव जाणे. जेवणं झाली की सतरंजीवर किर्द आणि खतावणी उघडी पडायची. मी किर्दीतून मोठ्याने वाचायचं, त्यांनी खतावणीत लाल पेन्सिलीने टिक मारायची. मी "त्रेसष्ट" म्हटलं की लगेच ओरडा. "सहा, तीन म्हण!" आपल्या आकड्यांत आधी एकक येतो आणि मागून दशक. त्यात त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी ही भावंडं अर्धवट झोपेत सारखीच ऐकू येतात. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'साठ तीन' अशी पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला. मी मात्र गप्प बसले, आमच्या सतरंजीवर ती सुधारणा कधीच होऊन गेली होती.

एकदा तेरीज जुळेना. फरक दोनशे सत्तरचा. आबांनी वही उघडायच्या आधीच सांगून टाकलं, "नवाने भाग जातोय, म्हणजे कुठेतरी आकडे उलटे पडलेत." दोनशे सत्तर म्हणजे तीस गुणिले नऊ. म्हणजे शतक आणि दशक या जागांची अदलाबदल झालेली, आणि त्या दोन अंकांत तीनचा फरक. मग त्यांनी सगळ्या नोंदी वाचल्याच नाहीत, असली जोडीच शोधत बोट फिरवलं. 1,630 च्या जागी 1,360 लिहिलेले सापडले. शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरकाला नवाने भाग जातोच, मग रक्कम केवढीही असो. उलट बाजूने खात्री नसते, नवाचा फरक दुसऱ्या कारणानेही पडू शकतो. पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. उत्पन्नाच्या दाखल्यावर 1,84,000 आणि फॉर्मात 1,48,000 असलं की मला अजूनही आधी तो छत्तीस हजारांचा फरकच दिसतो.

ही सगळी मेहनत प्रत्येक चौकटीसाठी करायची गरज नाही. आधार क्रमांकाच्या बारा अंकांतला शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून गणिताने काढलेला असतो. व्हरहूफ नावाच्या डच गणितज्ञाची ती रीत. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले, तर हिशोब बसत नाही, आणि फॉर्म तो हिशोब करत असेल तर तिथल्या तिथे लाल होतो. पॅनमध्येही पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं, तेवढ्यावरून बरंच कळतं. खाते क्रमांकाचं मात्र तसं नाही. त्याची लांबीसुद्धा प्रत्येक बँकेची वेगळी. शिवाय एनईएफटीने पैसे येतात तेव्हा बँकेला केवळ क्रमांक बघून रक्कम जमा करायची मुभा आहे, रिझर्व्ह बँकेने 2010 मध्येच ते स्पष्ट केलंय. आता पाठवणाऱ्याला खातेदाराचं नाव आधी बघायची सोय झाली आहे, पण कॉलेजचा कारकून शेकडो परतावे एकगठ्ठा पाठवताना ती वापरेल, यावर मी पैज लावणार नाही.

तर भाचीचा क्रमांक मी उजवीकडून वाचला. जुळला. नाव जुळलं. मग आयएफएससी. अकरा जागा, पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवी जागा कायम शून्य, उरलेल्या सहा शाखेच्या. त्या शून्याच्या जागी इंग्रजी ओ लिहिणारे इतके असावेत की बँक ऑफ बडोदा आपल्या कागदांवर पाचवं अक्षर शून्य आहे असं मुद्दाम छापते. पोरीने शून्यच लिहिलं होतं. अकराच्या अकरा जागा पासबुकाशी जुळत होत्या. आबा असते तर लाल टिक मारून पुढे गेले असते.

पण कोडची सुरुवात BKDN ने होती. म्हणजे देना बँक. खातं आबांनीच नातीच्या नावाने उघडलेलं, ती शाळेत जायला लागली तेव्हा. 1 एप्रिल 2019 ला देना बँक बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली, आणि 2021 च्या मार्चपासून ते जुने कोड बंद. आता BARB0 ने सुरू होणारा कोड लागतो. पासबुक मात्र कपाटात तसंच राहिलं, आणि त्याचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. फॉर्मने फक्त अक्षरांची ठेवण पाहिली असणार, म्हणून तो मुकाट्याने पुढे गेला.

"पण आत्या, पासबुकावर हेच आहे!" ती म्हणाली. खरंच होतं तिचं. तिची नक्कल अक्षरन् अक्षर बरोबर होती, फक्त कागद बाद झालेला. टिक मारणाऱ्याला हे कळायचा मार्गच नसतो, त्याचं काम दोन वह्यांचं. देना बँक गेली हे ना स्क्रीनशॉटवर लिहिलेलं, ना फॉर्मवर. ते मला ठाऊक होतं, कारण आमच्या कोपऱ्यावरची पाटी बदलताना मी पाहिली होती.

तिला शाखेत पाठवलंय. खाते क्रमांकही तोच आहे की बदलला, ते विचारून ये म्हटलंय. नवं पासबुक आजच्या आज मिळेल, प्रिंटर चालू असला तर.