तुम्ही विचारलंत म्हणून: आठ तुकड्यांचा विषाणू

«डॉक्टरसाहेब, नवापूरला लाखो कोंबड्या गेल्या, पण आपल्या एकाही माणसाला तो रोग झाला नाही. आणि तीन वर्षांनी डुकराच्या फ्लूनं पुण्यात चांगली धडधाकट माणसं गेली. असा नवा फ्लू एकदम येतो तरी कुठून?»

नवापूरचे एक कुक्कुटपालक आणि नंदुरबारच्या बाजारातले कितीतरी ओळखीचे लोक मला हे विचारत आले आहेत. या प्रश्नातल्या दोन घटना वरवर सारख्या दिसल्या तरी मुळात वेगवेगळ्या आहेत, आणि तो फरक समजला की बाकीचे आपोआप उलगडते, म्हणून सुरुवात नवापूरपासूनच करतो.

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला जो विषाणू सापडला तो एच५एन१ होता आणि देशातील बर्ड फ्लूचा तो पहिलाच अधिकृत उद्रेक होता. मेलेल्या कोंबडीच्या घशातून आणि शेपटीखालच्या विष्ठामार्गातून कापसाच्या बोळ्याने नमुना घ्यायचा, तो बर्फात ठेवून भोपाळच्या प्रयोगशाळेला पाठवायचा, अशी त्या कामाची रीत असते. दोन ठिकाणांहून नमुना घेण्याचे कारण असे की पक्ष्यांमध्ये फ्लू हा श्वसनाइतकाच आतड्याचाही आजार आहे. एच५एन१ हा विषाणू सर्वार्थाने पक्ष्यांचा होता. माणसाच्या किंवा डुकराच्या फ्लूतले त्यात काहीच मिसळलेले नव्हते.

फ्लूचा विषाणू पेशीला चिकटतो तो पेशीवरील एका विशिष्ट शर्करेला धरून. पक्ष्यांच्या पेशींवर तिची जोडणी एका प्रकारची असते, तर माणसाच्या नाकात, घशात आणि श्वासनलिकेच्या वरच्या भागात प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारची असते. पक्ष्यांसारखी जोडणी माणसात आढळते ती फुप्फुसात खूप खोलवर. त्यामुळे पक्ष्याचा विषाणू माणसाला सहसा लागत नाही, पण कोंबड्यांच्या फार निकट राहिल्याने तो खोलवर पोहोचलाच तर न्यूमोनिया भयंकर होतो. असा रुग्ण खोकला तरी तो विषाणू शेजारच्याच्या नाकात सहज रुजत नाही. शिवाय कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते, तर माणसाचे नाक त्याहून बरेच थंड असते, आणि पक्ष्यांच्या विषाणूची नकला काढणारी यंत्रणा त्या थंडाव्यात मंदावते. नवापूरच्या शेडमध्ये मजुरांनी ज्या कोंबड्या हाताळल्या त्यांच्यात विषाणू भरपूर होता, पण माणसात पसरण्याची साधने त्याच्यापाशी नव्हती.

ही साधने विषाणू दोन मार्गांनी मिळवू शकतो. पहिला मार्ग सावकाश आहे. विषाणूची प्रत काढताना चुका होतात, त्या साठत जातात आणि दरवर्षीचा फ्लू थोडा थोडा बदलत राहतो. याला अँटिजेनिक ड्रिफ्ट म्हणतात, आणि फ्लूची लस वेळोवेळी बदलावी लागते ती यामुळेच. दुसरा मार्ग एका झटक्याचा आहे आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

इन्फ्लुएन्झा ए या विषाणूचे जनुकीय द्रव्य एका सलग धाग्यात नसते. त्याचे आठ सुटे तुकडे असतात. एका तुकड्यावर एच हे प्रथिन, म्हणजे पेशीला चिकटण्याची चावी, लिहिलेले असते. दुसऱ्यावर एन हे प्रथिन असते, जे तयार झालेल्या नव्या विषाणूंना पेशीपासून सोडवते. तीन तुकडे मिळून प्रती काढणारे यंत्र घडवतात, आणि उरलेल्या तिघांवर आतली बांधणी व शरीराच्या प्रतिकाराला चकवण्याची कामे असतात. विषाणू पेशीत शिरला की हे आठही तुकडे पेशीच्या केंद्रकात जातात, तिथे प्रत्येकाच्या असंख्य प्रती निघतात, त्या बाहेर येतात आणि पेशीच्या पडद्यापाशी नव्या विषाणूंत भरल्या जातात. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना एक ओळखखूण असते. त्या खुणांमुळे एका विषाणूत आठ प्रकारांचा एकेकच तुकडा शक्यतो भरला जातो.

आता एकाच पेशीत एकाच वेळी दोन वेगळे फ्लू विषाणू शिरले असे समजा. तुकड्यावरची खूण तो कितवा तुकडा आहे एवढेच सांगते, तो कोणाचा आहे हे सांगत नाही. त्यामुळे पहिला तुकडा एकाचा, दुसरा दुसऱ्याचा, असे होऊ लागते. प्रत्येक तुकड्याला दोन पर्याय आणि तुकडे आठ, म्हणजे २५६ जुळण्या शक्य होतात. त्यांतल्या दोन मूळच्याच, बाकी २५४ नव्या. आपल्या जिनिंगमध्ये दोन गावांचा कापूस एका ढिगावर पडला की गाठीत कोणाचा किती गेला हे कोणालाच सांगता येत नाही. इथे मात्र तसे होत नाही, कारण तुकडा येतो तो सहसा अखंड येतो आणि आपला वंश अंगावर वागवत येतो. त्यामुळे पुढे कित्येक वर्षांनीही तो कोणाकडून आला हे वाचता येते.

या २५४ पैकी बहुतेक जुळण्या निकामी ठरतात. एकाच्या यंत्राचे भाग दुसऱ्याच्या भागांशी जमत नाहीत, किंवा चिकटण्याची आणि सुटण्याची ताकद यांचा मेळ बसत नाही. एखादीच जुळणी जगते. तिच्यात माणसात वाढण्याची क्षमता माणसाच्या विषाणूकडून आलेली असली आणि एच हे प्रथिन मात्र लोकांच्या शरीराने कधी न पाहिलेले असले, तर जवळपास सगळी लोकसंख्या तिच्यापुढे उघडी पडते. हेच अँटिजेनिक शिफ्ट. १९५७ चा फ्लू असाच आला. त्याचे तीन तुकडे पक्ष्यांचे आणि पाच आधीपासून माणसात फिरणाऱ्या विषाणूचे होते. १९६८ मध्ये पक्ष्यांचे दोनच तुकडे आले. त्यांत एच होता, पण एन जुनाच राहिला, आणि त्या जुन्या ओळखीमुळे लोकांना थोडेबहुत संरक्षण मिळाले.

डुकराचे नाव यात येते, कारण त्याच्या श्वासनलिकेत दोन्ही प्रकारच्या जोडण्या आढळतात आणि त्याला पक्ष्यांचा फ्लूही होतो, माणसाचाही. डुक्कर म्हणजेच एकमेव मिश्रणाचे ठिकाण, असे मात्र मी कधी सांगत नाही. असे मिश्रण माणसाच्या फुप्फुसातही होऊ शकते. पण २००९ च्या बाबतीत डुकराचा सहभाग निर्विवाद आहे.

एप्रिल २००९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात तापाने आजारी असलेल्या दोन मुलांचे नमुने तपासले गेले. चाचणीने फ्लू ए असल्याचे सांगितले, परंतु माणसात तेव्हा फिरणाऱ्या एच१ आणि एच३ या दोन्हींसाठीच्या चाचण्या नकारार्थी आल्या. प्रयोगशाळेतल्या माणसाला सावध करणारी खूण ती हीच: फ्लू आहे, पण ओळखीचा नाही. दोन्ही मुलांचा डुकरांशी संबंध नव्हता आणि एकमेकांशीही नव्हता, म्हणजे विषाणू माणसाकडून माणसाकडे आधीच जाऊ लागला होता. मग आठही तुकड्यांची अक्षरे वाचली गेली आणि प्रत्येक तुकड्याची वंशावळ स्वतंत्रपणे मांडली गेली. विषाणू मिसळलेला नसता तर आठही वंशावळी एकाच घराण्याकडे गेल्या असत्या. इथे त्या चार दिशांना गेल्या.

एच आणि आणखी दोन तुकडे अमेरिकेतील डुकरांच्या जुन्या विषाणूचे निघाले. हे घराणे १९१८ च्या साथीच्या सुमाराचे असून तेव्हापासून डुकरांतच राहिले होते. प्रतीयंत्राचे दोन तुकडे उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांचे, तर तिसरा माणसातल्या एच३एन२ चा होता. या तीन घराण्यांचे मिश्रण उत्तर अमेरिकेच्या डुकरांत १९९८ च्या सुमारासच दिसले होते आणि तिथे वर्षानुवर्षे फिरत होते. उरलेले दोन तुकडे, एन आणि त्याच्या सोबतीचा एम, युरोप व आशियातील डुकरांच्या विषाणूकडून आले, आणि तो विषाणू पक्ष्यांकडून युरोपातील डुकरांत १९७९ च्या सुमारास शिरला होता. या दोन डुक्करविषाणूंची शेवटची गाठ मध्य मेक्सिकोतील डुकरांमध्ये पडली, असे नंतरच्या संशोधनातून दिसून आले. एकदम आलेल्या वाटणाऱ्या या साथीमागे अशी दशकांची जुळवाजुळव होती. एम या तुकड्यामागे आणखी एक वारसा आला. अमँटाडीन हे फ्लूवरचे जुने औषध त्याला लागू पडत नव्हते.

२००९ च्या या विषाणूचे नाव एच१एन१, आणि इथे एक शंका जाणते लोक हमखास काढतात: एच१एन१ तर २००९ पूर्वीही माणसात होता, मग हा नवा कसा? नावातला एच१ हा ढोबळ वर्ग आहे. माणसातला एच१ ड्रिफ्टने दशकानुदशके बदलत गेला, तर डुकरातला त्यामानाने फार कमी बदलला, आणि दोघांत इतके अंतर पडले की एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याला नीट ओळखत नव्हती. पुण्यातली धडधाकट माणसे का गेली, याचाही धागा इथे सापडतो. लहानपणी १९१८ च्या घराण्याच्या विषाणूंचा ताप काढलेल्या वृद्धांच्या शरीरात त्या जुन्या एच१ ची ओळख शिल्लक होती. तरुणांकडे ती नव्हती. नेहमीचा फ्लू म्हाताऱ्यांना नेतो, पण त्या वर्षी मृतांत तरुण आणि मध्यमवयीन लोकांचे प्रमाण नेहमीपेक्षा कितीतरी जास्त होते. मागाहून जुना माणसातला एच१एन१ नाहीसा झाला आणि त्याची जागा या नव्याने घेतली. आज आपल्याकडे पावसाळ्यात जो एच१एन१ येतो तो याचाच वंशज आहे, आणि तो आता माणसाचाच फ्लू झाला असल्यामुळे वराहपालकांना त्यासाठी बोल लावणे मला अन्यायाचे वाटते.

म्हणूनच कोंबड्यांच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांना आणि डुकरे पाळणाऱ्यांना मी दरवर्षी माणसाच्या नेहमीच्या फ्लूची लस घ्यायला सांगतो, आणि त्यांना नवल वाटते, कारण ही लस बर्ड फ्लूपासून वाचवत नाही. ती त्यासाठी नाहीच. शेडमधल्या मजुराला घरून आलेला साधा फ्लू असेल आणि त्याच दिवसांत पक्ष्याचा विषाणूही त्याच्या फुप्फुसात गेला, तर दोघांचे तुकडे एका पेशीत भेटू शकतात. लस त्यातल्या एका पाहुण्याची वाट बऱ्याच अंशी अडवते. त्याच कारणाने, ताप आणि खोकला असलेल्या माणसाने बरे होईपर्यंत शेडमध्ये किंवा डुकरांच्या गोठ्यात जाऊ नये. तिथून त्याला रोग लागेल ही भीती आहेच, पण त्याचा फ्लू डुकराला लागू नये, हेही तितकेच पाहावे लागते. डुकरांच्या विषाणूंत आज जे माणसाचे तुकडे सापडतात ते माणसांनीच त्यांना दिलेले आहेत.