रेकॉर्डिंगचं बटण दाबण्याआधी: चार ठिकाणी बसलेल्या लोकांची एक मीटिंग

वेगवेगळ्या देशांत बसलेल्या लोकांच्या ऑनलाइन मीटिंगा रेकॉर्ड करून त्यांचं टिपण काढणं हे माझं काम. परवानगी घ्यायची की नुसतं कळवलं तरी चालेल, हे मी दर वेळी कसं ठरवतो ते एका मीटिंगवरून सांगतो. मी स्वतः भारतात, ग्राहक कॅलिफोर्नियात, त्याचा हिशेबनीस न्यूयॉर्कमध्ये आणि डिझायनर जर्मनीत. विषय कराराच्या अटींचा, म्हणजे चारचौघांत बोलण्याचा नव्हे.

मी पहिला प्रश्न स्वतःलाच विचारतो: या संभाषणात मी आहे का? दोघांच्या बोलण्यात मी नसताना ते टिपणं म्हणजे चोरून ऐकणं, आणि त्याला बहुतेक देशांत फार कडक कायदे आहेत. हे उघड वाटतं, पण घोटाळा इथेच होतो. यजमान दहा मिनिटांसाठी उठून जातो, रेकॉर्डिंग चालूच राहतं आणि मागे राहिलेले दोघं आपापसांत बोलू लागतात. त्या दहा मिनिटांपुरता तो संभाषणाचा भाग उरत नाही. म्हणून मी उठलो की रेकॉर्डिंग थांबवूनच उठतो.

दुसरा प्रश्न, कोण कुठे बसलंय? फोन नंबरावरून किंवा कंपनीच्या पत्त्यावरून हे ठरवू नये. न्यूयॉर्कचा नंबर असलेला माणूस त्या दिवशी कॅलिफोर्नियात असू शकतो. मी निमंत्रणातच विचारतो, ‘त्या दिवशी आपण कुठून जोडले जाल?’

आता आमच्या मीटिंगचा हिशेब. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार संभाषणातल्या एकाची संमती पुरते आणि तो एक म्हणजे रेकॉर्ड करणारा स्वतःही चालतो. फक्त हेतू गुन्ह्याचा किंवा कुणाचं नुकसान करण्याचा नसावा. न्यूयॉर्कचाही नियम एकाच्याच संमतीचा. कॅलिफोर्नियात मात्र दंडसंहितेच्या कलम ६३२ प्रमाणे खासगी संभाषणाला सगळ्यांची संमती लागते. ती नसेल तर फौजदारी गुन्हा होतोच, शिवाय समोरचा माणूस दर उल्लंघनामागे ५,००० डॉलर किंवा झालेल्या नुकसानीच्या तिप्पट, यांपैकी जास्त असेल ती भरपाई मागू शकतो. जर्मनीत दंडसंहितेचं कलम २०१ आहे: खासगीत बोललेले शब्द अनधिकाराने टिपले तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड.

‘पण मी तर भारतात बसून रेकॉर्ड करतोय,’ असं म्हणून सुटता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात २००६ साली नेमका असाच प्रश्न आला होता. एका दलाली कंपनीची अटलांटातली शाखा कॅलिफोर्नियातल्या ग्राहकांचे फोन न सांगता रेकॉर्ड करत होती. अटलांटा ज्या जॉर्जिया राज्यात आहे तिथे एकाची संमती पुरत होती. न्यायालयाने तरीही कॅलिफोर्नियाचा नियम लावला. त्याच निकालात उपयोगाची दुसरी गोष्टही आहे: संभाषणाच्या सुरुवातीलाच सगळ्यांना नीट सांगितलं, तर त्या कलमाचा भंग होत नाही. म्हणजे तिथे, सांगितल्यावर जो थांबून बोलत राहतो त्याची संमती धरता येते.

भारतात आपलंच संभाषण आपण टिपू नये असं थेट सांगणारा स्वतंत्र कायदा नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालापासून खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला जातो. लोक इथे त्याच न्यायालयाच्या १९७२ च्या मलकानी निकालाचा दाखला देतात, पण तो अशी ध्वनिफीत पुरावा म्हणून चालते का याबद्दलचा आहे. एखादी गोष्ट कोर्टात चालणं आणि ती करायला मुभा असणं, या दोन निराळ्या बाबी आहेत.

चारांतला सर्वांत कडक नियम सगळ्या मीटिंगला लावायचा, असं मी ठरवलेलं आहे. इथे कडक नियम जर्मनीचा. तिथेही गप्प राहिलेल्याची संमती धरावी असा युक्तिवाद करता येतो, पण कैदेची तरतूद असलेल्या कलमासमोर मी तशा युक्तिवादावर विसंबत नाही. त्यामुळे कळवणं पुरेसं नाही, प्रत्येकाचा स्पष्ट होकार हवा. शिवाय युरोपच्या माहिती-संरक्षण नियमांनुसार हा होकार मोकळेपणाने दिलेला असावा लागतो. साहेबाने हाताखालच्या माणसाला ‘चालेल ना?’ विचारून मिळवलेला होकार तिथे लंगडाच. म्हणून ‘नको’ म्हणणाऱ्याला दुसरा मार्ग मी आधीच ठेवतो.

निमंत्रणात जाणारा माझा मजकूर असा असतो: ‘या मीटिंगचा आवाज (चित्र नाही) टिपण काढण्यासाठी रेकॉर्ड करायचा विचार आहे. रेकॉर्डिंग फक्त मी ऐकेन. टिपण सगळ्यांनी मान्य केलं की, आणि उशिरात उशिरा ३० दिवसांत, रेकॉर्डिंग पुसलं जाईल. आपल्याला नको असेल तर आधी कळवा किंवा मीटिंगमध्ये सांगा; मी हाताने टिपण घेईन, मीटिंग ठरल्याप्रमाणेच होईल.’ ‘गुणवत्ता सुधारण्यासाठी’ असले गोल शब्द मी वापरत नाही. नंतर रेकॉर्डिंग वेगळ्या कामाला वापरायचं झालं तर मूळ होकार त्याला पुरत नाही, पुन्हा विचारावं लागतं.

मीटिंगमध्ये दोनदा विचारतो, आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी रेकॉर्डिंग बंद असताना. बटण दाबून मग परवानगी मागितली, तर तो प्रश्न आणि त्याआधीच्या गप्पा परवानगीविना टिपल्या गेलेल्या असतात. सगळे हो म्हणाले की बटण दाबतो आणि पुन्हा म्हणतो, ‘आता रेकॉर्डिंग सुरू आहे. एकेकाने नाव सांगून होकार द्याल का?’ हा दुसरा होकार पुराव्यासाठी. मान डोलावणं आवाजाच्या फाइलमध्ये येत नाही, म्हणून तोंडाने बोलायला लावतो. सुरुवातीला जरा अवघड वाटतं, पण वीस सेकंदांचं काम आहे.

पडद्यावरची लाल खूण किंवा ‘This meeting is being recorded’ ही घोषणा मदतीची आहे, पण ती सूचना आहे, होकार नव्हे. साध्या फोनवरून जोडलेल्याला ती खूण दिसतच नाही. आणि कुणी आपल्या संगणकावर वेगळं पडदा-रेकॉर्डर चालवत असेल तर मीटिंगच्या ॲपला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून ‘दुसरं कुणी रेकॉर्ड करतंय का?’ हेही मी विचारून घेतो.

सर्वांत जास्त गाडी अडते ती उशिरा येणाऱ्यापाशी. डिझायनर पंधराव्या मिनिटाला आली तर तिने आधीचा होकार ऐकलेला नाही, दिलेला तर नाहीच. मी येणाऱ्यांसाठी प्रतीक्षाकक्ष चालू ठेवतो. तिचं नाव तिथे दिसलं की चालू वाक्य संपू देतो, रेकॉर्डिंग थांबवतो, तिला आत घेतो, विचारतो आणि मग पुन्हा सुरू करतो. तिने नकार दिला तर ते बंदच राहतं. ‘तुमचा भाग नंतर कापू’ हे उत्तर चालत नाही, कारण कापण्याआधी तो टिपला गेलेला असतो. मधेच कुणी ‘हे आपल्यातच राहू दे’ म्हणालं तरी थांबवतो, आणि थांबवल्याचं बोलून दाखवतो.

नंतर कुणी होकार मागे घेतला तर एक फाइल पुसून भागत नाही. क्लाउडवरची प्रत, संगणकावर उतरवलेली प्रत, ॲपने आपोआप तयार केलेला लिखित उतारा, फोनच्या बॅकअपमधली प्रत आणि कुणाला पाठवली असेल तर त्याच्याकडची, अशी यादी मी फाइल बनते त्याच दिवशी लिहून ठेवतो. महिन्याभराने आठवून लिहायला बसलं की लिखित उतारा हमखास राहून जातो.