अडतीस गुणांची उत्तरपत्रिका

दहावीच्या पूर्वपरीक्षेतील बीजगणिताच्या उत्तरपत्रिका तपासताना एका विद्यार्थिनीला ४० पैकी ३८ गुण मिळाले. तिच्या संपूर्ण उत्तरपत्रिकेत सांख्यिकीचे एकही उदाहरण सोडवलेले नव्हते, हे गुणांची बेरीज करताना माझ्या लक्षात आले. तो घटक शिकवला जात असताना ती आजारी होती आणि तिने तो सोडूनच दिला होता. प्रश्नपत्रिका मीच काढली होती, म्हणून त्याच दिवशी मी कोणत्या प्रश्नात कोणत्या घटकाला किती गुण हे दाखवणारा संविधान तक्ता पुन्हा समोर घेतला.

राज्य मंडळाच्या आराखड्यानुसार ही प्रश्नपत्रिका ४० गुणांची असली तरी विकल्प धरून तिच्यात ६० गुणांचे प्रश्न असतात आणि घटकांचा गुणभार या ६० गुणांवर वाटलेला असतो. सांख्यिकीचे १२ गुण माझ्या तक्त्यात बिनचूक भरत होते. प्रश्न २ (ब) मध्ये २, ३ (ब) मध्ये ३, चौथ्यात ४ आणि पाचव्यात ३. आडव्या आणि उभ्या दोन्ही बेरजा जुळल्यामुळे मला शंका आली नव्हती.

मात्र २ (ब) मध्ये पाचांपैकी चार, ३ (ब) मध्ये चारांपैकी दोन, चौथ्यात तिन्हींपैकी दोन आणि पाचव्यात दोहोंपैकी एक उपप्रश्न सोडवायचा असतो. प्रत्येक ठिकाणी सांख्यिकीचा एकच उपप्रश्न होता, त्यामुळे तो वगळूनही हवे तितके उपप्रश्न उरत होते. म्हणजे १२ गुणांचा घटक पूर्ण टाळणाऱ्याचा एकही गुण बुडत नव्हता.

मग मी गुणभाराला हात न लावता केवळ जागा बदलल्या. सांख्यिकीचा दोन गुणांचा प्रश्न काढून त्याऐवजी पहिल्या प्रश्नाच्या अ आणि ब भागांत, जिथे विकल्प नसतो, एकेक गुणाचा प्रश्न ठेवला. तिथले अंकगणिती श्रेढीचे दोन प्रश्न काढले आणि २ (ब) मध्ये श्रेढीवर दोन गुणांचे नवे उदाहरण दिले. ३ (अ) मध्ये दोन कृतींपैकी एक सोडवायची असते; त्या दोन्ही सांख्यिकीच्या केल्या, एक मध्यकाची आणि दुसरी बहुलकाची, आणि तिथल्या रेषीय समीकरणांचा व वर्गसमीकरणांचा प्रश्न अनुक्रमे ३ (ब) आणि पाचव्यात नेला. पाचव्या प्रश्नाला स्वतंत्र विचार लागतो, त्यामुळे वर्गसमीकरणाचे उदाहरण नव्याने रचावे लागले.

बेरजा पूर्वीसारख्याच राहिल्या, पण सांख्यिकी सोडणाऱ्याचे आता पाच गुण बुडत होते. विकल्प मुलांना दिलासा देण्यासाठीच असतो, असा आक्षेप एका सहकारी शिक्षिकेने घेतला. तो मला पटतो; मात्र एकाच घटकातील दोन उदाहरणांत निवड दिली तरी तो दिलासा मिळतो, हे मी त्यांना ३ (अ) दाखवून सांगितले. त्यानंतर आम्ही दोघींनी तक्त्यात ‘घटक वगळल्यास बुडणारे गुण’ असा नवा स्तंभ आखला आणि उरलेल्या पाच घटकांसाठी तो भरायला बसलो.